डोळा लाल झाला म्हणजे क्लस्टरच, असं नाही

प्रश्न: मॅडम, नमस्कार. वय ४७, बार्शी तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. तीन महिने झाले, उजव्या डोळ्यामागे आणि भुवईवर सुरी खुपसल्यासारखी सणक येते आणि जाते. डोळा लालबुंद होतो, घळाघळा पाणी येतं, त्याच बाजूची नाकपुडी गळते. तोंड धुताना, दात घासताना, मोपेडवर वारा लागला की हमखास. रात्री मात्र झोप लागते. नेत्रतज्ज्ञांनी डोळ्याचा दाब तपासला, नॉर्मल आहे. एका दाताचं रूट कॅनाल झालं, फरक नाही. सीटी स्कॅन नॉर्मल. फिजिशियन म्हणाले क्लस्टर हेडेक. वेरापामिल दिवसाला २४० मिलिग्रॅम पाच आठवडे घेतोय, सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन दोनदा घेतलं, ऑक्सिजनचा सिलिंडर भाड्याने आणला. उपयोग शून्य. दुसऱ्या डॉक्टरांनी ट्रायजेमिनल न्यूराल्जिया सांगितला, कार्बामाझेपिन लिहून दिलं, पुढेमागे ऑपरेशन लागेल म्हणाले. ते औषध अजून सुरू केलेलं नाही. मुलीने रविवारी सकाळी सात ते आठ शेजारी बसून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजलं: २३ सणका, सगळ्यात छोटी ५ सेकंदांची, मोठी ५० सेकंदांची. पण आठवड्यातून दोन-तीनदा सलग वीस-पंचवीस मिनिटंही चालतं. दोघांपैकी कोणाचं खरं मानू? एमआरआय करावा का?

उत्तर: सर, तुमच्या फाइलमध्ये आत्ता सगळ्यात मोलाचा कागद कुठला असेल तर तो तुमच्या मुलीने केलेल्या नोंदीचा. सीटी स्कॅनपेक्षाही. पत्रावरून निदान करता येत नाही, पण ही नोंद वाचून मला जो संशय येतो तो स्पष्टच सांगते. हे क्लस्टर वाटत नाही, आणि नेहमीचा ट्रायजेमिनल न्यूराल्जियाही वाटत नाही. या दोघांच्या मधे बसणारा एक कमी आढळणारा प्रकार आहे, त्याला सनक्ट म्हणतात. एकाच बाजूला, काही सेकंद ते काही मिनिटं टिकणारी, नस चमकल्यासारखी कळ, आणि सोबत त्याच बाजूचा डोळा लाल होऊन पाणी येणं, एवढं वर्णन त्या नावाच्या आद्याक्षरांत कोंबलेलं आहे. नॉर्वेतल्या श्योस्ताद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली तो सविस्तर मांडला. लाली आणि पाणी यांपैकी एकच लक्षण असेल, किंवा दोन्ही नसून नाक गळणं, पापणी सुजणं असं दुसरंच काही असेल, तर त्याच आजाराला सुना म्हणतात. तुमच्या बाबतीत दोन्ही आहेत, म्हणून सनक्ट.

तुमच्या फिजिशियननी क्लस्टर म्हटलं यात नवल नाही. एका बाजूचं भयंकर दुखणं, लाल डोळा, पाणी, गळणारं नाक हे चित्र समोर आलं की बहुतेक डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव तेच येतं, कारण डोळा लाल करणाऱ्या एकतर्फी डोकेदुखीच्या घराण्यात तेच सगळ्यात जास्त दिसतं. अडचण अशी की लाल डोळा ही एकट्या क्लस्टरची खूण नाहीच. कपाळ, भुवई आणि डोळा यांची संवेदना ट्रायजेमिनल नावाच्या नसेच्या पहिल्या शाखेतून मेंदूच्या देठापर्यंत जाते. तिथून एक प्रतिक्षिप्त मार्ग उलटा बाहेर येतो, चेहऱ्याच्या नसेच्या सोबतीने नाकामागच्या एका गाठीपर्यंत, आणि तिथून अश्रुग्रंथी, डोळ्याच्या रक्तवाहिन्या आणि नाकाच्या आतल्या अस्तरापर्यंत. डोळ्यात कचरा गेला की पाणी येतं ते याच वाटेने. पहिल्या शाखेत कळ पुरेशी जोराची असेल, तर तिचं कारण काहीही असो, ही वाट जागी होते. म्हणून क्लस्टरमध्येही डोळा लाल होतो, सनक्टमध्येही होतो, आणि या दोघांचं भावंड असलेल्या पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनियातही होतो. दुखणं या घराण्यातलं आहे, एवढंच डोळा सांगतो. भावंड कोणतं, ते तो सांगत नाही.

ते सांगतं घड्याळ. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार सनक्टचा एक झटका १ ते ६०० सेकंदांचा, म्हणजे जास्तीत जास्त दहा मिनिटांचा. पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनियाचा २ ते ३० मिनिटांचा. क्लस्टरचा, औषध न घेतल्यास, १५ मिनिटं ते ३ तासांचा. दिवसातल्या झटक्यांची संख्या याच्या उलट चालते. क्लस्टरमध्ये एक दिवसाआड एक ते दिवसाला आठ, हेमिक्रेनियात बहुतेक दिवस पाचाच्या वर, आणि सनक्टमध्ये निकष दिवसाला निदान एकाचा असला तरी प्रत्यक्षात डझनांनी, कधी शेकड्यांनी. तुम्हाला एका तासात तेवीस झाल्या. ही संख्या क्लस्टरमध्ये बसवायची कशी, तेच मला समजत नाही.

आता तुम्ही गणिताचे शिक्षक, म्हणून तुमच्या लक्षात येईल की या आकड्यांत एक पळवाट आहे. झटका म्हणजे काय, कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे आधी ठरवल्याशिवाय मोजणीला अर्थ नाही. रविवारी तुमच्याजवळ मुलगी नसती आणि ओपीडीत डॉक्टरांनी "किती वेळ दुखतं?" असं विचारलं असतं, तर तुम्ही साहजिकच म्हणाला असता, "सकाळी तासभर." कागदावर लिहिलं गेलं असतं: एका बाजूला, डोळा लाल, कालावधी एक तास. हे तंतोतंत क्लस्टर झालं. तेवीस वेगवेगळ्या सणका एका वाक्यात विरघळून गेल्या असत्या. या आजाराचं निदान चुकतं ते बहुधा याच जागी, आणि त्यात रुग्णाचा दोष नसतो. सुरी खुपसली जात असताना मधल्या फटी कोण मोजणार?

तुमचे ते वीस-पंचवीस मिनिटांचे प्रसंग हेच खरं कोडं आहे, आणि त्यांच्याकडे मी जास्त बारकाईने बघेन. सनक्टमध्ये कळ तीन तऱ्हांनी येते. एक, सुटी सणक: शून्यावरून एकदम वर, काही सेकंद, पुन्हा शून्य. दोन, सणकांचा घोळका: एकामागून एक येतात, पण प्रत्येकीच्या मधे दुखणं पूर्ण थांबतं. तीन, करवतीच्या दात्यांसारखी: सणक वर जाते, उतरते, पण शून्याला टेकायच्या आत पुढची येते, त्यामुळे खाली एक सततचं दुखणं उरतं आणि त्यावर टोकं उगवत राहतात. लंडनच्या एका गटाने २००६ साली सनक्ट आणि सुनाचे ५२ रुग्ण बारकाईने तपासून प्रसिद्ध केले. त्यात सुट्या सणकेची सरासरी सुमारे एक मिनिट निघाली, घोळक्याची साडेसहा मिनिटांच्या आसपास, आणि करवती प्रकाराची तब्बल एकोणीस मिनिटं. म्हणजे पंचवीस मिनिटं दुखलं, एवढ्यावरून सनक्ट बाद होत नाही. त्या पंचवीस मिनिटांचा आकार कसा होता, ते बघावं लागतं.

म्हणून पुढच्या वेळी तसा प्रसंग आला की मुलीला एक आलेख काढायला सांगा. वहीचं पान आडवं धरायचं, आडव्या रेषेवर मिनिटं, उभ्या रेषेवर दुखण्याची तीव्रता ० ते १०. तुम्ही बोलायचं नाही, नुसती बोटं दाखवायची, आणि ती दर दहा सेकंदांनी ठिपका देईल. सोबत कोणी मोबाइलवर चेहऱ्याचा व्हिडिओ घेतला तर फारच चांगलं, कारण डोळा नेमका कधी लाल झाला, पापणी उतरली का, हे त्यात दिसतं आणि ओपीडीत दाखवता येतं. आलेखात जर टोकांची रांग दिसली, ९, ४, ९, ३, १०, ४ अशी, तर तो करवती सनक्ट. जर रेषा दोन-चार मिनिटांत वर चढून आठ-नऊवर सपाट पठारासारखी टिकली आणि मग उतरली, तर तो झटका हेमिक्रेनियाचा किंवा क्लस्टरचा असू शकतो, आणि मग विचार बदलावा लागतो. दोन्ही प्रकार एकाच माणसात असणंही अशक्य नाही, फक्त ते क्वचित दिसतं.

दुसरी खूण म्हणजे सणक कशाने पेटते. चेहऱ्याला पाणी, ब्रश, वारा लागला की उठणारी कळ क्लस्टरमध्ये जवळजवळ दिसत नाही. क्लस्टरला चेतवतं ते मद्य, तेही घेतल्यावर तासाभराच्या आत आणि फक्त झटक्यांचा हंगाम चालू असताना. शिवाय त्याला रात्र प्रिय असते. झोप लागल्यावर तास-दोन तासांनी, कित्येकांना रोज ठरल्या वेळी, तो उठवतो. सनक्ट मुख्यतः दिवसाचा आजार आहे. तुम्हाला रात्री झोप लागते हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्या दृष्टीने ते पत्रातलं एक मोठं वाक्य आहे.

अस्वस्थपणावर मात्र मी फार भर देत नाही. क्लस्टरचा रुग्ण येरझारा घालतो, डोकं भिंतीवर आपटतो, आणि अर्धशिशीचा रुग्ण अंधाऱ्या खोलीत निपचित पडतो, हा फरक पुस्तकात ठळक असतो आणि खराही आहे. पण सनक्टचे बरेच रुग्णही झटक्यात उठून फिरू लागतात. त्यामुळे कोणी "तुम्ही फिरता ना, मग क्लस्टरच" असं म्हणालं तर ते ग्राह्य धरू नका.

आता तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे येते. ते भलतंच काही बोललेले नाहीत. स्पर्शाने उठणारी, काही सेकंदांची, विजेसारखी कळ ही ट्रायजेमिनल न्यूराल्जियाची पाठ्यपुस्तकी ओळख आहे. पण तो सहसा गालात आणि जबड्यात असतो. फक्त डोळा आणि कपाळाच्या शाखेत तो एकटा क्वचितच सापडतो. त्याची कळ सेकंदाच्या अंशापासून फार तर दोन मिनिटांपर्यंत टिकते. डोळ्याला थोडं पाणी त्यातही येतं, पण दर सणकेला डोळा लालबुंद आणि नाक वाहतं, असं ठळक चित्र नसतं.

या दोघांना वेगळं करणारी एक सुंदर तपासणी आहे, तिला ना यंत्र लागतं ना पैसे. न्यूराल्जियात एक सणक येऊन गेली की ती नस काही काळ थकते. लगेच त्याच जागी पुन्हा स्पर्श केला तर काही सेकंद, कधी मिनिटभराहून जास्त, काहीच होत नाही. सनक्टमध्ये हा विसावा बहुतेकांना नसतो. एक सणक ओसरते न ओसरते तोच पुन्हा हात लावला की दुसरी तयार. न्यूरोलॉजिस्ट हे ओपीडीत करून बघतात. तुम्ही घरी मुद्दाम करत बसू नका, फक्त आठवून बघा: तोंड धुताना पहिल्या सणकेनंतर उरलेलं तोंड निवांत धुता येतं, की पाण्याच्या प्रत्येक ओंजळीला नवी सणक येते? हे एक वाक्य लिहून न्या.

खरं सांगायचं तर सनक्ट आणि न्यूराल्जिया यांच्यातली भिंत तज्ज्ञांना आता पूर्वीइतकी पक्की वाटत नाही. सनक्टच्या अनेक रुग्णांत, दुखऱ्या बाजूला, मेंदूच्या देठातून ट्रायजेमिनल नस निघते त्या जागी एखादी रक्तवाहिनी तिला दाबताना एमआरआयमध्ये दिसते, आणि न्यूराल्जियातही नेमकं हेच दिसतं. दुसरीकडे, झटका चालू असताना घेतलेल्या मेंदूच्या चित्रणात हायपोथॅलॅमस या खोलवरच्या भागात हालचाल दिसली आहे, जशी क्लस्टरमध्ये दिसते. एक पाय इकडे, एक तिकडे. दोन डॉक्टरांनी दोन नावं सांगितली याला तो आजारही थोडा जबाबदार आहे.

आधीच्या औषधांनी फरक पडला नाही, यावरून क्लस्टर नाही असं ठरवता येईल का? इथे मी सावध राहीन. क्लस्टरसाठी २४० मिलिग्रॅम वेरापामिल ही सुरुवात असते. अनेकांना ४८० किंवा त्याहून जास्त लागतं, प्रत्येक वाढीला ईसीजी काढून. ऑक्सिजनही मिनिटाला १२ ते १५ लिटर वेगाने, पिशवी असलेल्या घट्ट मास्कमधून, पंधरा-वीस मिनिटं घेतला तरच तो खरा प्रयोग. नाकात नळी घालून चार लिटरवर घेतला असेल तर तो न घेतल्यासारखाच. म्हणजे क्लस्टरच्या उपचाराची तुमची परीक्षा अर्धवट झाली आहे आणि तिच्या निकालावर मी विसंबणार नाही. उलट बाजूने बघितलं तरी तेच: तीस सेकंदांची सणक थांबवायला इंजेक्शन काढेपर्यंत ती संपलेली असते. सनक्टमध्ये झटका आल्यावर घ्यायचं औषध म्हणून काही नाहीच. जे काही करायचं ते झटके येऊ नयेत यासाठी. म्हणून क्रोसिन, कॉम्बिफ्लाम वगैरे गोळ्या दर सणकेला घेत असाल तर त्या थांबवा. पोटाला त्रास होईल तेवढाच.

एका औषधाच्या प्रयोगाला मात्र खरी किंमत आहे, ते म्हणजे इंडोमेथासिन. पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनिया या औषधाने पूर्ण थांबतो, आणि थांबला नाही तर ते निदान मागे घेतात. सनक्ट त्याला दाद देत नाही. तुमच्या लांब प्रसंगांच्या आलेखात पठार दिसलं, तर न्यूरोलॉजिस्ट हा प्रयोग सुचवतील: २५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा सुरू करून, काही दिवसांच्या टप्प्यांनी दिवसाला १५० आणि गरज पडली तर २२५ मिलिग्रॅमपर्यंत. हे औषध जठराला आणि मूत्रपिंडाला जड आहे, रक्तदाब वाढवतं, म्हणून सोबत पोटासाठी गोळी आणि आधी क्रिएटिनिन. अल्सरचा पूर्वेतिहास असेल तर हे आधीच सांगा.

एमआरआय करावा का? हो, आणि त्यात नेमकं काय बघायचं ते सांगून करावा. साध्या सीटीत मेंदूच्या मागच्या खालच्या भागाचं चित्र हाडांमुळे धूसर येतं आणि पिट्युटरी ग्रंथी नीट दिसत नाही, आणि सनक्टच्या बाबतीत याच दोन जागा बघायच्या असतात. पिट्युटरीच्या गाठीमुळे आणि मेंदूच्या देठाजवळच्या दोषांमुळे हुबेहूब सनक्टसारखं दुखणं होऊ शकतं. तेव्हा चिठ्ठीवर नुसतं "एमआरआय ब्रेन" नसावं. कॉन्ट्रास्टसह मेंदू, पिट्युटरीचे वेगळे छेद आणि ट्रायजेमिनल नसेचे बारीक छेद, असं लिहून घ्या आणि उजवी बाजू दुखते हेही नमूद करायला सांगा. सोबत प्रोलॅक्टिन आणि पिट्युटरीचे इतर हार्मोन रक्तात तपासतात. गेल्या वर्ष-दोन वर्षांत अंगठी घट्ट झाली का, चपलेचा नंबर वाढला का, लैंगिक इच्छा कमी झाली का, बाजूने येणारी माणसं दिसेनाशी झाली का, हे प्रश्न विचारले तर संकोच न करता उत्तरं द्या. त्यांचा डोकेदुखीशी संबंध आहे.

अहवालात "व्हॅस्क्युलर लूप" असे शब्द आले तर घाबरून लगेच शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नका. काहीही दुखत नसलेल्या माणसांतही रक्तवाहिनी नसेला नुसती टेकलेली सापडते. वजन असतं ते नस जागेवरून ढकलली गेली आहे किंवा दाबून बारीक झाली आहे का, याला, आणि तेही दुखऱ्याच बाजूला. तसं असेल आणि औषधांनी भागलं नाही, तर रक्तवाहिनी नसेपासून सोडवण्याची शस्त्रक्रिया हा खरा पर्याय आहे. सनक्टमध्येही तिने काही जणांना चांगला गुण आला आहे. पण ती कवटी उघडून करायची शस्त्रक्रिया आहे, म्हणून औषधांनंतर. आणि दातांकडे आता वळू नका. निरोगी दाढा काढून झाल्यावर आलेले असे रुग्ण मी पाहिले आहेत.

औषधांत पहिलं नाव लॅमोट्रिजिनचं. मूळ फिट्सचं औषध आहे, मेडिकलवाला तसं म्हणाला तर दचकू नका. याची एकच अट आहे: घाई नाही. साधारणपणे दिवसाला २५ मिलिग्रॅम दोन आठवडे, मग ५० मिलिग्रॅम दोन आठवडे, आणि पुढे टप्प्याटप्प्याने १०० ते ३०० मिलिग्रॅमपर्यंत, जिथे फरक पडेल तिथे थांबायचं. लवकर वाढवलं तर अंगावर पुरळ उठण्याचा धोका वाढतो, आणि क्वचित ते पुरळ जिवावर बेतणारं असतं. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत कुठलंही नवं पुरळ, ताप, तोंडात किंवा डोळ्यात फोड दिसले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. "उष्णतेने उठलं असेल" म्हणून वाट बघायची नाही. मधेच पाच-सहा दिवस गोळ्या बुडल्या तर जुन्या मात्रेवर उडी न मारता डॉक्टरांना विचारून पुन्हा खालून चढायचं. सोबत कोणी व्हॅल्प्रोएट देत असेल तर लॅमोट्रिजिनची मात्रा निम्म्यावर येते, ते सांगायला विसरू नका.

हे सगळं चढेपर्यंत महिना-दीड महिना जातो, आणि दिवसाला शंभर सणका खात तो काढणं सोपं नाही. झटके असह्य झाले तर रुग्णालयात दाखल करून, हृदयाच्या मॉनिटरखाली, लिडोकेन शिरेतून काही दिवस देतात. त्याने बहुतेकांच्या सणका थांबतात किंवा खूप कमी होतात, पण सलाईन उतरल्यावर काही दिवसांत-आठवड्यांत त्या परतू शकतात. तो तात्पुरता पूल आहे, लॅमोट्रिजिन पोचेपर्यंतचा. लॅमोट्रिजिन चाललं नाही तर टोपिरामेट, ऑक्सकार्बाझेपिन, गॅबापेंटिन, ड्युलॉक्सेटिन यांतून पुढे जातात.

तुमच्या कपाटात पडून असलेल्या कार्बामाझेपिनबद्दल. ते सनक्टमध्ये काहींना थोडंफार लागू पडतं, त्यामुळे औषध चुकीचं नाही. पण तुम्ही वेरापामिल घेत आहात, आणि वेरापामिल रक्तातलं कार्बामाझेपिन वाढवतं. चक्कर, दोन-दोन दिसणं, तोल जाणं, असे परिणाम नेहमीच्या मात्रेतही होऊ शकतात. कार्बामाझेपिन लिहून देणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही वेरापामिलबद्दल सांगितलं होतं का, हे पत्रात नाही. नसेल तर आधी सांगा, तोवर ते सुरू करू नका. वेरापामिलही स्वतःहून एकदम सोडू नका. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब बघून फिजिशियन ते उतरवतील.

काही गोष्टी दिसल्या तर हा सगळा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. डोळा सणकांच्या मधेही लालच राहिला, नजर अंधुक झाली, दिव्याभोवती वलय दिसू लागलं, उलट्या झाल्या, तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो. मागे दाब नॉर्मल आला होता यावर जाऊ नका. पापणी कायमची खाली आली आणि त्या डोळ्याची बाहुली लहान राहिली, विशेषतः मान दुखत असेल, तर मानेतली मोठी रक्तवाहिनी आतून फाटल्याची शंका घ्यावी लागते. कपाळावर पाण्याचे फोड आले तर ती नागीण. आणि तुमचं वय पन्नाशीच्या जवळ आहे म्हणून आणखी एक: पुढे कधी कानशील दाबलं की दुखू लागलं, घास चावताना जबडा भरून येऊ लागला, तर ईएसआर लगेच करून घ्या, कारण त्या आजारात उशीर झाला तर नजर जाते.

न्यूरोलॉजिस्टकडे जाताना मुलीची रविवारची नोंद, लांब प्रसंगाचा एक तरी आलेख, व्हिडिओ, आणि आत्तापर्यंतच्या औषधांची मात्रा व तारखांसकट यादी न्या. सोलापूर किंवा पुण्यात, जिथे डोकेदुखीचे रुग्ण नियमित बघणारे न्यूरोलॉजिस्ट भेटतील तिथे वेळ घ्या आणि फोनवरच सांगा की एका तासात वीसहून जास्त झटके येतात. एरवी साध्या डोकेदुखीच्या रांगेत तुमचा नंबर महिन्याने लागायचा.

आणि तोवर मोपेड घरी ठेवा. वाऱ्याने सणक येते, पन्नास सेकंद उजवा डोळा उघडत नाही, आणि तेवढ्यात गाडी काही शे मीटर पुढे गेलेली असते. शाळेत जायला एखाद्या सहकाऱ्याच्या गाडीवर मागे बसा, चेहऱ्याला मऊ सुती रुमाल सैल बांधून; घट्ट बांधलात तर तोच सणक काढेल.